ऑर्डर कुडाळची, पत्ता डोंबिवलीचा

वेंगुर्ल्याजवळ माझ्या आतेभावाचा काजू फोडायचा छोटा कारखाना आहे. मे महिन्यातल्या एका रात्री त्याने मला व्हॉट्सॲपवर एका ऑर्डरचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "पत्ते दोन दिसतत. माल खंय धाडू आणि पैसे कोणाकडसून मागू?"

ऑर्डर बरी होती. ३२० नंबरचे अख्खे पांढरे काजूगर, दहा किलोचे चाळीस डबे, आठशे रुपये किलो. म्हणजे ३,२०,००० रुपये आणि पाच टक्के जीएसटी धरून ३,३६,०००. पैसे माल पोचल्यावर तीस दिवसांनी. लेटरहेडवर वर ठसठशीत अक्षरात कंपनीचं नाव, पुढे 'प्रायव्हेट लिमिटेड', त्याखाली कुडाळ एमआयडीसीतल्या गाळ्याचा पत्ता. तळाला, मुंग्यांची रांग वाटावी इतक्या बारीक टाइपात, 'रजि. ऑफिस' म्हणून डोंबिवलीतल्या एका सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

मी सावंतवाडीत हिशेबाची कामं करतो, त्यामुळे नातेवाइकांचे असले फोटो मला सवयीचे आहेत. भावाला संशय होता तो त्या फ्लॅटचा. कंपनी म्हणते आणि पत्ता राहत्या घराचा, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. खरं तर त्या कागदावर फ्लॅटचा पत्ता ही सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट होती. घोळ दुसरीकडेच होता, पण तो दिसायला आधी हे दोन पत्ते कशासाठी असतात ते नीट कळायला हवं.

आपल्याकडे माणसाला दोन पत्ते असणं नवीन नाही. चाकरमान्याचं रेशनकार्ड गावच्या घराचं असतं, सातबारा गावचा असतो, ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती गावाला येते आणि माणूस अकरा महिने दहिसरला राहतो. त्याला गाठायचं तर दहिसरला जावं लागतं, पण सरकारी कागद त्याला गावी शोधतो. कंपनीचं बऱ्याचदा याच्या उलट असतं. कागद तिला मुंबईकडे शोधतो आणि ती राबत असते कोकणात.

कागद जिथे शोधतो ती जागा म्हणजे नोंदणीकृत कार्यालय. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १२ सांगतं की कंपनी स्थापन झाल्यापासून तीस दिवसांत तिचं असं एक कार्यालय हवं, जिथे तिच्या नावाने आलेली पत्रं आणि नोटिसा घेतल्या जातील आणि मिळाल्याची पोच दिली जाईल. तिथे धंदा चालला पाहिजे, टेबल-खुर्ची मांडलेली असली पाहिजे, माणसं कामाला असली पाहिजेत, असं हे कलम म्हणत नाही. त्यामुळे राहतं घर चालतं. जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं विजेचं किंवा तत्सम बिल जोडलं की पत्ता नोंदवता येतो. कोकणातल्या कितीतरी छोट्या कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालयं याच कारणाने डोंबिवली, विरार, बदलापूरला सापडतात. दोन भाऊ कंपनी काढतात तेव्हा वडिलांच्या नावावरची पक्की जागा तिकडे असते आणि गावच्या घराच्या उताऱ्यावर सतरा नावं असतात. सतरा सह्या गोळा करण्यापेक्षा बाबांची एक सही सोपी.

मोठ्यांचंही तेच. गुहागरजवळ अंजनवेलला जो वीज प्रकल्प आहे, त्या कंपनीच्या नावातच रत्नागिरी आहे, रत्नागिरी गॅस अँड पॉवर. तिचं नोंदणीकृत कार्यालय मात्र दिल्लीत आहे. कोकण रेल्वेचंही कार्यालय दिल्लीत नोंदलेलं आहे आणि कारभार चालतो बेलापूरहून. दिल्लीत कोकण रेल्वेचं एक स्टेशन नाही म्हणून कोणी तिला बनावट म्हणत नाही. लेटरहेडवर छापलेले 'हेड ऑफिस', 'कॉर्पोरेट ऑफिस' हे शब्द वजनदार वाटतात, पण कंपनीला नोटीस बजावायची म्हटली की कायदा नोंदणीकृत कार्यालयाचंच नाव घेतो.

त्या पत्त्याला बऱ्याच गोष्टी बांधलेल्या असतात. नोटीस तिथे बजावली जाते. हिशेबाच्या वह्या तिथे ठेवायच्या असतात, आणि दुसरीकडे ठेवायच्या तर संचालक मंडळाने ठराव करून सात दिवसांत कंपनी निबंधकांना कळवायचं असतं. वार्षिक सभा त्या कार्यालयात किंवा त्याच गावात-शहरात घ्यायची असते. पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवायचं. त्याच शहरात बदल असेल तर काम हलकं, शहराबाहेर जायचं तर भागधारकांचा विशेष ठराव, आणि राज्यच बदलायचं असेल तर केंद्र सरकारची मंजुरी आणि वर्तमानपत्रात जाहिरात. म्हणून लोक धंदा हलवतात पण हा पत्ता हलवत नाहीत. पत्ता जुना दिसला तर बहुतेक वेळा मागे एवढाच आळस असतो.

धंदा जिथे चालतो तो पत्ता पाहायचा तर जीएसटीच्या नोंदणीत जावं लागतं. तिथे व्यवसायाचं मुख्य ठिकाण आणि जोडीला अतिरिक्त ठिकाणं अशी नोंद असते. गोदामसुद्धा व्यवसायाचं ठिकाण धरलं जातं. ही नोंदणी राज्यवार असते. डोंबिवली आणि कुडाळ दोन्ही महाराष्ट्रात, म्हणून एका क्रमांकात काम भागतं आणि मुख्य ठिकाण कुडाळ दाखवलं तरी काही बिघडत नाही. पण म्हापशाच्या कंपनीने बांद्याला गोदाम काढून तिथून माल विकायचा ठरवला, तर मधे पत्रादेवीचा नाका येतो. गोव्याचा नंबर ३० ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने, आणि बांद्यासाठी २७ चा वेगळा नंबर घ्यावा लागतो. याच कारणाने दिल्लीत नोंदलेल्या कंपनीच्या इथल्या प्रकल्पाचं बिल २७ च्या नंबराने येतं. ते बघून दचकायचं कारण नाही.

आता भावाची ऑर्डर.

पहिल्यांदा मी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, mca.gov.in वर, कंपनीचा मास्टर डेटा उघडला. तिथे कंपनीचं नाव किंवा सीआयएन टाकावा लागतो. सीआयएन म्हणजे कंपनीचा एकवीस अक्षरांचा ओळख क्रमांक. लेटरहेडवर आणि बिलावर तो छापणं कंपनीला बंधनकारकच आहे, तेव्हा तो छापलेला नसेल तर तिथेच पहिला प्रश्न विचारावा. या ऑर्डरवर होता, आणि त्याची ठेवण अशी होती:

```
U#####MH2022PTC######
```

U म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली. मग धंद्याच्या प्रकाराचे पाच आकडे. MH म्हणजे नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात, २०२२ हे स्थापनेचं वर्ष, PTC म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड आणि शेवटी नोंदणीचा अनुक्रमांक. अंजनवेलच्या त्या कंपनीच्या सीआयएनमध्ये याच जागी DL आहे.

मास्टर डेटात स्थिती `Active` होती. ही ओळ सगळ्यात आधी पाहायची. तिथे `Strike Off` लिहिलेलं असेल तर कंपनीचं नाव नोंदवहीतून काढलेलं आहे आणि त्या नावाने ऑर्डर देण्याचा कोणाला अधिकार उरलेला नाही, लेटरहेड कितीही गुळगुळीत असो. पत्त्याच्या रकान्यात डोंबिवलीचा तोच फ्लॅट होता, घर क्रमांकासकट. म्हणजे ऑर्डरवरचा आणि नोंदीतला पत्ता जुळला. पत्त्याच्या खाली आणखी एक रकाना असतो, त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही:

```
Address other than R/o where all or any books of account and papers are maintained
```

हिशेबाच्या वह्या दुसरीकडे ठेवल्या असतील तर तो पत्ता इथे येतो. हा रकाना रिकामा होता. कागदोपत्री याचा अर्थ असा की कंपनीच्या वह्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आहेत. कुडाळला बसून धंदा करणारा माणूस वह्या डोंबिवलीला ठेवत नसणार हे उघड आहे. म्हणजे कळवायचं राहिलंय. ढिलाई म्हणा, लबाडी म्हणायला एवढं पुरत नाही.

मग जीएसटीकडे वळलो. gst.gov.in वर `Search Taxpayer` मध्ये ऑर्डरवर छापलेला जीएसटी क्रमांक टाकला. लॉगिन लागत नाही. पण क्रमांक टाकता टाकताच माझं बोट थांबलं.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, मधली दहा अक्षरं म्हणजे पॅन, शेवटची तीन नोंदणीची. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की हा पॅन कोणाचा आहे. C असेल तर कंपनीचा, F असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपीचा, H हिंदू अविभक्त कुटुंबाचा, आणि P असेल तर एका माणसाचा. म्हणजे जीएसटी क्रमांकाचं सहावं अक्षर वाचलं की पुरे. कंपनीचा क्रमांक असा दिसायला हवा:

```
27 xxxCxxxxxx 1Zx
```

ऑर्डरवर होता तो असा:

```
27 xxxPxxxxxx 1Zx
```

कंपनीच्या लेटरहेडवर माणसाचा नंबर. P च्या पुढचं अक्षरही बोलकं असतं. कंपनीच्या पॅनमध्ये ते तिच्या नावाचं पहिलं अक्षर असतं, माणसाच्या पॅनमध्ये आडनावाचं. इथे ते कंपनीच्या नावाशी जुळत नव्हतं, संचालक असलेल्या दोघा भावांच्या आडनावाशी जुळत होतं. शोधल्यावर तेच आलं. `Legal Name` मध्ये थोरल्या भावाचं नाव, `Constitution of Business` मध्ये प्रोप्रायटरशिप, नोंदणी २०१७ ची, आणि मुख्य ठिकाण कुडाळ एमआयडीसीतला तोच गाळा.

आतेभावाला फोन केला. म्हटलं, "पत्ते दोन आहेत त्याचं काही नाही. माणसं दोन आहेत." तो म्हणाला, "मगे? दोघे भाऊच आसत." मी म्हटलं, तसं नाही. एक माणूस म्हणजे थोरला भाऊ, त्याची जुनी पेढी, गाळा तिचा. दुसरी कंपनी, जिचा पत्ता डोंबिवलीला. कायद्याच्या लेखी ही दोन वेगळी खाती आहेत आणि ऑर्डरच्या कागदावर डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं आहे.

याने काय बिघडतं? समजा कंपनीच्या ऑर्डरवर माल गेला, बिल कंपनीच्या नावे फाडलं आणि जीएसटी नंबर थोरल्या भावाचा टाकला. माल गाळ्यात उतरला. तीस दिवस गेले, साठ गेले. आतेभाऊ थोरल्याकडे गेला तर तो म्हणेल, ऑर्डर कंपनीची, मी वैयक्तिक कुठे काही घेतलंय. कंपनीकडे गेला तर ती म्हणेल, आमच्या नावावर जीएसटी नाही, गाळा नाही, माल आम्हाला मिळाल्याची नोंद नाही. दोघंही एकाच टेबलामागे बसलेले असतील. आणि कंपनीच्या देण्याला सहसा कंपनीच जबाबदार असते, संचालकांच्या घरादारावर ते देणं जात नाही. पेढीच्या देण्याला मात्र मालक स्वतः जबाबदार असतो. ३,३६,००० रुपये कोणाकडे थकलेत याचं उत्तर अशा वेळी एका अक्षरावर येऊन ठेपतं.

थोरला तसा माणूस नसेलही. पण कागद तयार करताना माणूस आजचा बघायचा नसतो, भांडणाच्या दिवशीचा बघायचा असतो.

शंभर रुपये आणखी खर्च केले. एमसीएच्याच संकेतस्थळावर शंभर रुपये भरले की त्या कंपनीने दाखल केलेली सार्वजनिक कागदपत्रं काही तासांसाठी बघता येतात. काजूच्या चाळीस डब्यांसाठी शंभर रुपये महाग नाहीत. त्यात पत्त्याचा फॉर्म होता, आयएनसी-२२. त्याला जोडलेलं ना-हरकत पत्र दोघा भावांच्या वडिलांचं, विजेचं बिलही त्यांच्याच नावाचं. डोंबिवलीच्या फ्लॅटचं कोडं इथेच संपलं. मग वार्षिक हिशेब उघडला. वसूल भांडवल एक लाख, आणि मागच्या वर्षाची विक्री शून्य. कंपनी जिवंत होती, फॉर्म वेळेवर भरत होती, पण धंदा तिने अजून केलेलाच नव्हता. सगळा धंदा २०१७ पासून चाललेल्या पेढीतच चालू होता.

कागदावर एवढं कळलं तरी गाळा डोळ्यांनी बघावा असं वाटलं. कुडाळ काही लांब नाही. दोघे गेलो. गाळ्याच्या शटरशेजारी पत्र्याचा बोर्ड होता, पांढऱ्यावर लाल अक्षरं. पेढीचं नाव, खाली मोबाइल नंबर आणि त्याखाली जीएसटी नंबर. जीएसटीचा क्रमांक दर्शनी पाटीवर आणि नोंदणीचं प्रमाणपत्र आत नजरेला पडेल असं लावायचं असतं. पेढीने दोन्ही केलं होतं. कंपनीचं नाव मात्र त्या गाळ्यावर कुठेही नव्हतं. कंपनी कायद्याचं तेच कलम १२ म्हणतं की कंपनी जिथे जिथे धंदा करते त्या प्रत्येक जागेबाहेर तिचं नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता ठळक लावलेला हवा, आणि स्थानिक भाषेतही हवा. म्हणजे कंपनी खरोखर इथून धंदा करत असती, तर कुडाळच्या गाळ्यावर मराठीत डोंबिवलीचा पत्ता दिसायला हवा होता. पत्ते पडताळायला जाणाऱ्याने ही पाटी वाचून यावं. आत चहा घेऊन जेवढं कळतं त्याहून जास्त बाहेरच्या पाटीवर कळतं.

आत चहा मिळालाच. थोरल्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. "अरे, ता डोंबिवलीचा आमच्या बापाशीचा घर. आवस थयसरच रवता." बँकेच्या कर्जासाठी कंपनी हवी म्हणून २०२२ मध्ये ती काढली, कर्ज लांबलं, धंदा जुन्याच नावाने चालू राहिला. धाकट्याने मुंबईत लेटरहेड छापून आणलं तेव्हा प्रेसवाल्याला जुन्या बिलाचा फोटो पाठवला होता, त्यावरचा जीएसटी नंबर तसाच उचलला गेला. कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. माझ्या अनुभवात असल्या घोळांचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. एक नवीन नाव, एक जुना नंबर आणि मधे एक घाईत असलेला छपाईवाला.

उपाय दोन होते. एक, कंपनीच्या नावेच बिल फाडायचं. पण कंपनीकडे जीएसटी नंबर नाही, मग बिल नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं होणार, ई-वे बिलात नंबराच्या जागी `URP` टाकावं लागणार आणि भरलेल्या कराचं क्रेडिट कोणालाच मिळणार नाही. शिवाय एक लाख भांडवलाच्या, विक्री शून्य असलेल्या कंपनीला साडेतीन लाखांच्या घरातली उधारी द्यायची. दुसरा उपाय, ऑर्डर पेढीच्या लेटरहेडवर नव्याने घ्यायची, बिल पेढीच्या नावे, जीएसटी नंबर तोच, माल त्याच गाळ्यात. आतेभावाने दुसरा घेतला आणि मलाही तोच पटला. नाव, नंबर आणि जागा एकाच माणसाची झाली. थोरल्याने तिथेच बसून पेढीच्या कागदावर ऑर्डर लिहून शिक्का मारला.

इथे कोणी म्हणेल, ऑर्डरवरचा नंबर चुकला होता, पत्त्यांचा काय संबंध? दोन पत्ते एकाच कंपनीचे असतील तर ते कितीही लांब असोत, चिंता नाही. भीती तेव्हा असते जेव्हा नोंदीतला पत्ता एकाचा निघतो आणि धंद्याची जागा दुसऱ्याची. डोंबिवली ते कुडाळ हे अंतर मोजत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही टोकांना एकच पॅन आहे का ते बघायचं.

हा धडा मी स्वतः आपटून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका आंबा बागायतदाराचा चेक वटला नाही. घेणारी कंपनी वाशीच्या बाजारात गाळा चालवत होती आणि बागायतदार पेट्या तिथेच उतरवायचा. वकिलांनी माझ्याकडे पत्ता मागितला, मी वाशीच्या गाळ्याचा दिला. तो मला तोंडपाठ होता. चेक न वटल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस गेली आणि पंधरा दिवसांनी पाकीट परत आलं, वर पोस्टमनचा शेरा, 'सोडून गेले'. गाळा भाड्याचा होता आणि हंगामापुरता होता. जूनमध्ये तिथे कांदे-बटाटे आले होते. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय ठाण्यात होतं, सगळी टपाल व्यवस्थित घेत होतं, आणि माझ्या लक्षात आलं तोवर तीस दिवस उलटले होते. चेकच्या तारखेला तीन महिने व्हायचे होते म्हणून वाचलो. तो पुन्हा बँकेत भरला, पुन्हा परत आला, आणि या वेळी नोटीस दोन्हीकडे पाठवली. वकील काही बोलले नाहीत, पण नंतर दर वेळी पत्ता स्वतः तपासायला लागले.

तेव्हापासून नोटीस नोंदणीकृत पत्त्यावर जाते आणि तिची प्रत धंद्याच्या जागी. नोंदणीकृत पत्त्यावर पाठवण्याचा फायदा पाकीट परत आल्यावर कळतो. बरोबर पत्त्यावर, रीतसर पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो, आणि पोचलं नाही हे दाखवायचं ओझं समोरच्यावर पडतं. सर्वोच्च न्यायालयाने चेकच्या नोटिशींबाबत २००७ मध्ये हे स्पष्ट केलं. पण बरोबर पत्ता कोणता? कंपनीने स्वतः निबंधकांकडे नोंदवलेला पत्ता चुकीचा होता असं कंपनीला सहज म्हणता येत नाही, कारण तो खरा ठेवणं तिचंच काम. भाड्याच्या गाळ्याबद्दल ती खुशाल म्हणू शकते की आम्ही कधीच निघून गेलो. म्हणून पाकीट पाठवायच्या दिवशी मास्टर डेटाच्या पानाची तारखेसह प्रिंट काढून फाइलला लावावी. पत्ता पुढे बदलला तरी त्या दिवशी काय नोंद होती याचा पुरावा राहतो.

नोंदणीकृत पत्त्यावर खरोखर कोणीच नसेल तर ती गोष्ट कंपनीलाही जड जाते. कंपनी धंदा करत नसल्याचा संशय आला तर निबंधक जागेवर जाऊन पाहणी करू शकतात. २०२२ पासून त्याची पद्धत नियमात घालून दिलेली आहे. परिसरातले दोन स्वतंत्र साक्षीदार, जागेचा फोटो, लागलं तर पोलिसांची मदत. कलम १२ मोडल्याचा दंड दिवसाला हजार रुपये, जास्तीत जास्त एक लाख, आणि शेवटी नाव काढून टाकण्यापर्यंत गोष्ट जाते. नाव गेलं की थकबाकी मागणाऱ्यालाच आधी ते नाव परत लावून घ्यायची खटपट करावी लागू शकते. त्यामुळे पाकीट डोंबिवलीहून परत आलं म्हणून सुटकेचा श्वास टाकणारी कंपनी शहाणी नव्हे.

आतेभावाची आणखी एक भीती होती, ती खूप जणांना असते. नोंदणीकृत कार्यालय डोंबिवलीला म्हणजे भांडण झालं तर खटल्यासाठी कल्याणच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या का? तसं नाही. दिवाणी दावा प्रतिवादी जिथे धंदा करतो तिथे लावता येतो, तसाच व्यवहाराचं कारण पूर्ण किंवा थोडंफार जिथे घडलं तिथेही. ऑर्डर वेंगुर्ल्यात स्वीकारली, माल वेंगुर्ल्याहून निघाला आणि कुडाळला उतरला, तर सिंधुदुर्गातलं कोर्ट आपल्याला बंद नाही. फक्त ऑर्डरच्या तळाशी एखादी ओळ असते, 'वाद अमुक न्यायालयाच्या अधिकारकक्षेत'. ती वाचल्याशिवाय सही करू नये. त्या कोर्टाला मुळात अधिकार असेल तर अशी ओळ बांधून घेते, 'फक्त' हा शब्द तिच्यात नसला तरी. २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. थोरल्याच्या नव्या ऑर्डरवर 'कल्याण' होतं, तेही जुन्या छपाईतून आलेलं. ते खोडून दोघांनी बाजूला सह्या केल्या.

चाळीस डबे गेले. पैसे एकतिसाव्या दिवशी आले, एक दिवस उशिरा, रविवार होता म्हणून.

दिवाळीनंतर कर्ज मंजूर झालं आणि कंपनीने स्वतःच्या पॅनवर जीएसटी घेतला. सहाव्या जागी C, मुख्य ठिकाण कुडाळ. वह्या कुडाळला ठेवत असल्याचंही निबंधकांना कळवलं, तो रिकामा रकाना आता भरलेला दिसतो. गाळ्यावर नवीन बोर्ड लागला. वर कंपनीचं नाव मराठीत, त्याखाली 'नोंदणीकृत कार्यालय', मग सोसायटीचं नाव, तिसरा मजला, डोंबिवली पूर्व. रंगाऱ्याने ते शेवटचं अक्षर काढलं तेव्हा शेजारच्या गाळ्यातला माणूस बाहेर आला, बोर्ड दोनदा वाचला आणि थोरल्याला म्हणाला, "काय रे, डोंबिवलीक नवीन फॅक्टरी घातलंस? सांगलंस नाय ता."